२०० मिलिव्होल्टचा सिग्नल आणि प्रिसिजन रेक्टिफायर: माझा अनुभव

सेन्सरकडून येणारा सिग्नल शिखराला जेमतेम २०० मिलिव्होल्ट होता आणि त्याचं फक्त धन अर्धचक्र हवं होतं. आधी नुसता 1N4148 आणि १० किलोओहमचा लोड लावून पाहिला. स्कोपवर जवळपास सपाट रेघ. सिलिकॉन डायोडला नीट वाहायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात, तेवढा सिग्नलच नाही.

मग ७४१ ऑप-अँप घेतला, सप्लाय ±१२ व्होल्ट. इनपुट पिन ३ ला. पिन ६ ला डायोडचा ॲनोड, आणि कॅथोडवरून एक तार परत पिन २ ला. आउटपुट कॅथोडवरून घ्यायचं, पिन ६ वरून नाही. ही चूक फार सहज होते. कॅथोड ते ग्राउंड १० किलोओहमही हवाच, नाहीतर ऋण अर्धचक्रात डायोड बंद झाल्यावर आउटपुटला शून्यावर धरून ठेवणारं काही उरत नाही.

१०० हर्ट्झला आउटपुटवर २०० मिलिव्होल्टचा स्वच्छ अर्धा साइन मिळाला, मधल्या अर्धचक्रात शून्य. असं का होतं ते पिन ६ वर प्रोब ठेवला की दिसतं. तिथे तोच अर्धा साइन ०.६ व्होल्टने उचललेला असतो. डायोड फीडबॅकच्या आत असल्यामुळे त्याचा ड्रॉप ऑप-अँप स्वतः भरून काढतो. ओपन-लूप गेन दोन लाख धरला तर ०.६ व्होल्टचे इनपुटला ३ मायक्रोव्होल्ट उरतात. त्यापेक्षा ७४१ चा एखाद-दोन मिलिव्होल्टचा ऑफसेट जास्त नडतो.

पिन ६ वर आणखी एक गोष्ट दिसते, आणि खरी अडचण तीच आहे. ऋण अर्धचक्रात लूप तुटतो आणि पिन ६ थेट उणे १०-११ व्होल्टवर जाऊन बसते. तिथून अधिक ०.६ पर्यंत यायला, ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद या स्लू रेटने, किमान २१-२३ मायक्रोसेकंद जातात. १०० हर्ट्झला अर्धचक्र ५ मिलिसेकंदांचं, म्हणून काही कळत नाही. १० किलोहर्ट्झला ते फक्त ५० मायक्रोसेकंदांचं. अर्ध्या साइनची चढती बाजूच कापली जाते.

यावर स्लू रेट वाढवण्यापेक्षा मला सर्किट बदलणं जास्त पटतं. पिन ३ ग्राउंडला. इनपुट १० किलोओहममधून पिन २ ला. पहिला डायोड थेट पिन २ आणि ६ मध्ये, ॲनोड २ कडे. दुसऱ्याचा ॲनोड पिन ६ ला, कॅथोड हेच आउटपुट, आणि तिथून १० किलोओहम परत पिन २ ला. इनपुट धन असताना पहिला डायोड लूप मिटलेला ठेवतो, त्यामुळे पिन ६ उणे ०.६ च्या खाली जात नाही. आता उडी १.२ व्होल्टची, म्हणजे सुमारे अडीच मायक्रोसेकंद. १० किलोहर्ट्झला शून्याजवळ किंचित खाच उरते, बाकी आकार टिकतो.

मात्र हे सर्किट इनव्हर्टिंग आहे: आउटपुटवर इनपुटचं ऋण अर्धचक्र धन होऊन येतं. मूळ धन अर्धचक्रच हवं असेल तर दोन्ही डायोड उलटे लावावेत. ते ऋण होऊन मिळतं.