टोरॉइड अपडेट: बाहेर झिरो का येतो, आणि तरी भोकात थोडं काय उरतं

वाइंडिंग संपलं एकदाचं. इंदूरात महाराणी रोडवरून 24 नंबरची इनॅमल वायर आणली होती, सुताराकडून लाकडी रिंग करून घेतली (आतली त्रिज्या 4 सेंमी, बाहेरची 6, जाडी 2 सेंमी, खिळा-स्क्रू काहीही नाही), आणि त्यावर एकाच थरात 360 फेरे घातले, म्हणजे डिग्रीला एक फेरा. कागदावर डिग्रीच्या खुणा प्रिंट करून रिंगला चिकटवल्या की मोजायची कटकटच राहत नाही. आतल्या कडेला दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम 0.7 मिमी जागा मिळते आणि इनॅमलसकट वायर होते साधारण 0.6, त्यामुळे तिथे वायर सरळ उभी बसवायची आणि जो काही तिरकेपणा द्यायचा तो बाहेरच्या कडेला, तिथे जागा भरपूर असते. सगळी मिळून 30 मीटरच्या आसपास वायर लागली, रेझिस्टन्स 2 ओमच्या किंचित वर, म्हणून 1 अँपिअर आरामात जातो, कॉइल फक्त कोमट होते.

आता फिल्ड. अँपिअरचा नियम सांगतो की कुठल्याही बंद वाटेवर फिल्डची बेरीज करत फिरलात तर ती त्या वाटेच्या आतून जाणाऱ्या एकूण करंटच्या μ0 पट येते. रिंगच्या लाकडातूनच r त्रिज्येचं वर्तुळ घ्या, त्याच्या आतून 360 वायरी जातात आणि सगळ्या एकाच दिशेने, म्हणून

B = μ0·N·I / (2πr)

1 अँपिअरला आतल्या कडेशी 1.8 मिलीटेस्ला, मधोमध 1.44, बाहेरच्या कडेशी 1.2. मुद्दाम तीन आकडे दिले, कारण लांब सरळ सॉलेनॉइडसारखं आत सगळीकडे सारखं फिल्ड इथे नसतं, वायरी तेवढ्याच पण बाहेरच्या वर्तुळाची वाट लांब. हे तपासायला वाइंडिंगच्या आधीच 45 आणि 55 मिमीवर 49ई नंबरचे दोन लिनियर हॉल सेन्सर लाकडात बसवून ठेवले होते, सेन्सरची सपाट बाजू रिंगच्या गोल दिशेला आडवी. दोन्ही सेन्सर आधी एकाच सरळ सॉलेनॉइडमध्ये घालून कॅलिब्रेट केले, कारण या सेन्सरमध्ये पीस-टू-पीस फरक चांगलाच असतो आणि इथे शोधायचा फरकच 22 टक्क्यांचा आहे. करंट उलटा-सुलटा करून रिडिंग घेतलं तर 1.6 आणि 1.3 च्या अगदी जवळ आलं, म्हणजे 1/r दिसतोय.

बाहेरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे बहुतेक ठिकाणी दोन ओळींत विषय संपवतात. भोकातलं वर्तुळ घ्या, आतून करंट शून्य. रिंगच्या बाहेरून मोठं वर्तुळ घ्या, 360 वायरी वर जातात आणि त्याच 360 खाली येतात, बेरीज शून्य. म्हणून फिल्ड शून्य. पण बेरीज शून्य म्हणजे फिल्ड शून्य असं नसतं ना! एखाद्या खोलीत मधोमध कुठलीही कॉइल नसताना कागदावर वर्तुळ काढा, पृथ्वीचं फिल्ड तिथे आहेच, बेरीज मात्र शून्य, कारण अर्ध्या वाटेवर ते सोबत असतं आणि अर्ध्यावर विरोधात. तर मग टोरॉइडच्या बाबतीत आपण ही उडी कशाच्या जोरावर मारतो?

सिमेट्रीच्या जोरावर. एक तर रिंग गोल फिरवली तरी तशीच दिसते, म्हणून वर्तुळावर सगळीकडे फिल्ड सारखंच असणार. दुसरं, रिंगच्या अक्षातून जाणारा उभा आरसा ठेवा. प्रत्येक फेरा जर नेमका अशा उभ्या प्रतलात असेल तर आरशात करंट जसाच्या तसा दिसतो. पण मॅग्नेटिक फिल्ड आरशात उलटं वागतं, आरशाला समांतर असलेला भाग चिन्ह बदलतो आणि आरशाला काटकोनात असलेला भाग तसाच राहतो. करंट बदललाच नाही तर फिल्डही बदलायला नको, म्हणजे समांतर भाग शून्यच हवा. उरतो फक्त गोल दिशेचा भाग, आणि त्याला मग अँपिअरचा नियम शून्य करतो. हे दोन्ही टप्पे लागतात, एकट्या नियमाने काम होत नाही.

आणि इथेच खऱ्या कॉइलची गंमत आहे. माझे फेरे उभ्या प्रतलात नाहीत, प्रत्येक फेरा एक डिग्री पुढे सरकतो. आरशात उजवीकडे सरकणारं वाइंडिंग डावीकडे सरकताना दिसेल, म्हणजे आरशाचा युक्तिवाद कोलमडला. 360 फेरे मिळून करंट रिंगभोवती एक पूर्ण चक्कर मारतो, म्हणजे टोरॉइडच्या पोटात एका फेऱ्याची साधी गोल कॉइल लपलेली आहे. खुद्द अँपिअरचा नियमही हेच सांगतो: भोकातून खाली जाऊन रिंगला वळसा घालून बाहेरून वर येणारी वाट घ्या, तिच्या आतून 1 अँपिअर पार होतो, म्हणजे त्या वाटेवर सगळीकडे फिल्ड शून्य असणं शक्यच नाही.

किती येईल? लपलेल्या फेऱ्याची त्रिज्या साधारण 5 सेंमी धरली तर भोकाच्या मधोमध μ0I/2R म्हणजे 12.6 मायक्रोटेस्ला, आतल्या फिल्डच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. (त्रिज्या नक्की सांगता येत नाही, वायर कुठे तिरकी होते त्यावर ती 4 ते 6 च्या मध्ये कुठेही असेल.) एवढं मोबाइलच्या कंपास सेन्सरला कळतं. फोन रिंगवर आडवा ठेवला की सेन्सर मध्यापासून अंदाजे 2 सेंमी वर येतो, तिथे हिशोबाने 10 मायक्रोटेस्ला हवेत. पृथ्वीचं फिल्ड इथे चाळीसच्या पुढे आहे, म्हणून नुसतं रिडिंग बघून काही कळत नाही, करंट उलटा करून उभ्या अक्षाच्या रिडिंगमधला फरक बघायचा. फरक 19 आला, म्हणजे साडेनऊ. फोन रिंगच्या शेजारी 15 सेंमीवर नेला तर फरक काहीच दिसेना, आणि हिशोबाने तिथे पाव मायक्रोटेस्लाच उरायला हवा, फोनच्या रिडिंगची थरथरच त्याहून जास्त असते.

सप्लायच्या वायरी मात्र एकमेकींत पिळूनच आणा. 1 अँपिअरची सुटी वायर 10 सेंमीवरून गेली तरी 2 मायक्रोटेस्ला देते, मग तुम्ही टोरॉइड मोजताय की वायर हेच कळणार नाही. वायर जरा हलवून रिडिंग बदललं तर समजायचं.

उपाय सोपा आहे. वाइंडिंगचं शेवटचं टोक तसंच बाहेर न काढता रिंगच्या बाहेरच्या कडेने उलट दिशेत एक चक्कर मारून सुरुवातीच्या टोकाशी आणलं. 5 सेंमीच्या फेऱ्यासमोर 6 सेंमीचा उलटा फेरा, पूर्ण कटत नाही पण फोनच्या जागी साधारण 1 मायक्रोटेस्ला उरायला हवा, आणि करंट उलटल्यावरचा फरक 19 वरून अडीचच्या आत आला. आतल्या दोन्ही हॉल सेन्सरवर ढिम्म फरक नाही, कारण लाकडातल्या वर्तुळाच्या आतून जाणाऱ्या 360 वायरी तशाच आहेत. ही परतीची वायर वाइंडिंगच्या आधी लाकडात मधोमध खाचेत बसवली असती तर अजून चांगलं कटलं असतं, रोगोव्स्की कॉइलमध्ये असंच करतात, परतीची वायर फेऱ्यांच्या मधूनच मागे आणतात.

पुढच्या रिंगवर दोन थर घालणार आहे. दुसरा थर रिंगभोवती उलट दिशेने सरकत परत यायला हवा, पण लाकडाला गुंडाळण्याची दिशा मात्र पहिल्यासारखीच ठेवायची. ती पण उलटली तर आतलं फिल्डच कटून जाईल. सरकणं उलटं आणि गुंडाळणं तेच, तर आत 720 फेऱ्यांचं फिल्ड आणि भोकातले दोन लपलेले फेरे एकमेकांविरुद्ध. आतल्या कडेला दुसऱ्या थराला जागा अजूनच कमी पडणार, म्हणून यावेळी 26 नंबरची वायर घेतोय. कुणी लाकडी रिंगवर दोन थर घातले असतील तर पहिल्या थरावर काय गुंडाळलं, कापडी टेप की नुसतं वॉर्निश, ते सांगा.