सिकलचा जनुक संपत का नाही?

«सर, सिकलसेलने लेकरे दगावतात. मग हा दोष आमच्याच भागात एवढ्या पिढ्या टिकला कसा? आपोआप संपायला नको होता का?»

विदर्भातल्या तपासणी शिबिरांत हा प्रश्न मला बहुधा नळी हातात असतानाच विचारला जातो. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागे छापील रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींना विळ्यासारखा आकार देणारे सदोष हिमोग्लोबिन, रक्तात नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा नाहीशा झाल्या तर आहे. मात्र सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला आहे की दोघांकडूनही, हे या नळीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावी लागते. एकाकडूनच आला असेल तर ती व्यक्ती ‘एएस’ म्हणजे वाहक, दोघांकडून आला असेल तर ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या वाहकांत दडलेले आहे.

ते प्रथम नीट ओळखले अँथनी ॲलिसन यांनी. केनियात वाढलेल्या या डॉक्टरांना १९४९ साली रक्ताचे नमुने गोळा करताना असे आढळले की, समुद्रकिनाऱ्याजवळ आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास वाहक पुष्कळ आहेत, तर उंच, थंड प्रदेशात फारच थोडे. हाच फरक मलेरियाच्या डासांचाही होता. पुढे युगांडातल्या २९० मुलांचे रक्त त्यांनी तपासले. वाहक नसलेल्या २४७ मुलांपैकी ११३ जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी होते, तर ४३ वाहकांपैकी केवळ १२ जणांच्या. १९५४ साली हे प्रसिद्ध झाले. एवढ्याशा संख्येवर अनेकांचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. परंतु नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला आणि थोडा बदललाही. वाहकाला डास चावतो, परजीवी शरीरात शिरतोही. पण फाल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेण्याच्या टोकाला जाण्याचे प्रमाण वाहकांत सुमारे ९० टक्क्यांनी कमी असते.

असे का होते, तर फाल्सिपेरमचा परजीवी तांबड्या पेशीत वाढताना ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहते, आणि तिथे प्राणवायू कमी असतो. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून थोडे कमी सिकल हिमोग्लोबिन असल्यामुळे अशा जागी परजीवीची वाढ खुंटते. शिवाय ती पेशी भिंतीला नीट चिकटत नाही आणि प्लीहा तिला लवकर बाजूला काढते.

आता हिशेब मांडू. एका मलेरियाग्रस्त मुलखात १,००० बाळे जन्मली आणि त्यांच्या २,००० जनुकांपैकी २०० सिकलचे आहेत, असे धरा. अशा वेळी साधारण ८१० बाळे निर्दोष, १८० वाहक आणि १० रुग्ण असतात. उपचार नसल्याने दहाही रुग्ण दगावले. त्यांच्याबरोबर सिकलचे २० जनुक गेले. निर्दोष ८१० बाळांपैकी ९० मलेरियाने गेली. त्यांच्याबरोबर चांगले १८० जनुक गेले. वाहक सारे जगले असे समजू. उरले १,८०० जनुक, त्यात सिकलचे १८०. म्हणजे पुन्हा दहा टक्केच! रुग्ण बाळांचे मरण डोळ्यांना दिसते, कारण ते त्याच आजाराच्या नावावर जमा होते. त्याच गावात तापाने गेलेल्या ९० बाळांचा संबंध कोणी सिकलशी जोडत नाही.

आणि «आमच्याच भागात» म्हणाल, तर तसे नाही. मध्य आफ्रिकेत, सौदी अरेबियाच्या पूर्व भागात, ग्रीसच्या काही मलेरियाग्रस्त खोऱ्यांतही हा जनुक आढळतो. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारसारख्या जंगलपट्ट्यांत मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. हे संरक्षण वाहकाचे आहे, रुग्णाचे नाही. एसएस रुग्णाला मलेरिया झाला तर आधीच कमी असलेले रक्त झपाट्याने आणखी घटते आणि जीव धोक्यात येतो. त्यामुळे त्याच्या तापात रक्ततपासणी टाळू नये. वाहकानेही «मला होत नाही» असे समजून मच्छरदाणी सोडू नये.

मलेरिया हटला की जनुक संपेल का? वरचाच हिशेब मलेरियाविना केला, तर पहिल्या पिढीत २,००० पैकी केवळ २० जनुक जातात आणि दहा टक्क्यांचे नऊच्या आसपास होतात. पुढे ही घट मंदावत जाते, कारण जनुक विरळ झाला की दोन वाहकांची गाठ पडण्याची वेळही कमी येते. दहाचे पाच टक्के व्हायलाच दहा पिढ्या, म्हणजे अडीचशे वर्षे लागतात. त्यातही हा आकडा सगळे रुग्ण बालपणीच दगावतात असे धरून काढलेला आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे औषध घेणारी आमची एसएस मुले आता कॉलेजात जातात.