कोल्हापूर ते बेलापूर, तीन दिवस: जहाज सोडायचं का, हे बघायला गेलो होतो त्याचा वृत्तांत

मी सेकंड इंजिनिअर आहे, ऑइल टँकरवर, परदेशी झेंड्याच्या जहाजावर. घर कसबा बावड्यात. मुलगी चार वर्षांची झाली आणि तिच्या चारपैकी दोन वाढदिवसांना मी घरी नव्हतो, म्हणून यावेळी सुट्टीत ठरवलं की एकदा मुंबईला जाऊन किनाऱ्यावरची नोकरी खरंच मिळते का आणि किती पगार देतात हे स्वतः बघून यायचं. आपल्या भागातली बरीच पोरं या लाईनला जायला लागल्यात, त्यांच्या घरच्यांसाठी पण लिहितोय.

रात्रीची महालक्ष्मी धरली. कोल्हापुरातून जाणाऱ्यांना एक सांगतो, बेलापूरला काम असेल तर सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची पनवेल लोकल धरायची, बेलापूरला थेट उतरता. शिपिंगची बरीच ऑफिसं तिथेच आहेत. सगळी ओरिजिनल कागदपत्रं सोबत ठेवा पण झोपताना उशाखाली घ्या, पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्याचं सरकारी ओळखपुस्तक, गेलं तर पुढचे कितीतरी महिने घरीच बसावं लागतं.

पहिल्या दिवशी इंटरव्ह्यू, एका शिप मॅनेजमेंट कंपनीत. समोर दोघं बसलेले, दोघंही जुने चीफ इंजिनिअर, म्हणजे जहाजाच्या इंजिन विभागाचे प्रमुख राहिलेले. पाच मिनिटं टँकरचं विचारलं आणि मग एकच प्रश्न, चीफ म्हणून किती महिने सेलिंग केलंय? मी म्हटलं शून्य, माझ्याकडे सेकंड इंजिनिअरचं क्लास टू सर्टिफिकेट आहे, चीफ व्हायला लागणारं क्लास वन अजून द्यायचंय. त्यातले एकजण अगदी आपुलकीने म्हणाले, "अरे, सुपरिंटेंडंटला रात्री दोन वाजता चीफचा फोन येतो की जनरेटर बंद पडलाय, काय करू. त्या चीफला तू काय सांगणार? तो तुझं ऐकेल का?" मला पटलं. सुपरिंटेंडंट म्हणजे चार-पाच जहाजांचं मेंटेनन्स, ड्राय डॉक, बजेट सगळं बघणारा माणूस, आणि तो चीफच्या वरचा लागतो. मला त्यांनी टेक्निकल असिस्टंट ऑफर केलं, म्हणजे स्पेअर पार्टच्या ऑर्डरी आणि मेंटेनन्सचा डेटा बघायचा, महिना 95 हजार. नेरूळला दोन खोल्यांचं भाडं त्यातून काढलं की काय उरतं ते आपलं आपल्याला कळतं. आदल्या महिन्यात शिरोलीच्या एका फाउंड्रीत पण विचारून आलो होतो, तिथे मेंटेनन्सला 60 हजार म्हणाले, आणि वर फाउंड्रीचा अनुभव नाही म्हणून तेही नाखुशीनेच.

आता पगाराचं खरं गणित सांगतो, कारण गावात लोक फक्त "महिन्याला सहा लाख" एवढंच ऐकतात. सहा लाख मिळतात ते जहाजावर असतानाच, घरी आलो की पगार बंद. सहा महिने जहाजावर आणि सहा महिने घरी धरलं तर वर्षाचे 36 लाख, म्हणजे बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला तीन. त्यातून कोर्सेस, मुंबईत राहायचा खर्च, स्वतःचा मेडिक्लेम, आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टात पीएफ नाही. तरी तीन लाख म्हणजे 95 हजाराच्या तिप्पट, हे मान्यच आहे.

पण टॅक्सचं नीट बघितलं नाही तर त्यातलाही मोठा घास जातो, हे माझ्यावर आलंय. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात 182 दिवस भरले की तुम्ही रेसिडेंट, आणि मग जहाजावरच्या सगळ्या पगारावर इथे टॅक्स. म्हणजे साध्या वर्षात किमान 184 दिवस बाहेर पाहिजेत. माझं जॉइनिंग 2024 च्या 20 सप्टेंबरला ठरलं होतं, तसं गेलो असतो तर मार्चअखेर 190 च्या वर दिवस भरले असते. पण जहाजाचं शेड्यूल बदललं आणि कंपनीने जॉइनिंग ढकलत ढकलत 9 ऑक्टोबरवर नेलं, मी पण बरं झालं, घरी आणखी थोडे दिवस मिळाले म्हणून खूश. 9 ऑक्टोबर ते 31 मार्च होतात 174 दिवस. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचंच केलं, एप्रिलमध्ये उतरलो, पण एप्रिलचे दिवस पुढच्या वर्षात गेले आणि या वर्षात दहा दिवस कमी पडले. सात लाखाच्या वर टॅक्स भरला. तेव्हा एकच कॉन्ट्रॅक्ट करणार असाल तर 25 सप्टेंबरच्या आत देश सोडा, थोडे दिवस हातात ठेवा, आणि जॉइनिंग पुढे ढकललं की त्याच दिवशी कॅलेंडर काढून मोजा, नंतर सीएकडे जाऊन काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या जहाजाच्या कंपनीचं मेडिकल. उपाशीपोटी जायचं, चष्मा असेल तर तो आणि नंबरचा कागद न्यायचा. नवीन पोरांनी यलो फीव्हरची लस आधीच घ्या, ती ठराविक केंद्रांवरच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. आणि जॉइनिंगसाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत या. कंपनीचा आरपीएसएल नंबर, म्हणजे जहाजावर माणसं भरायच्या लायसन्सचा नंबर, डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर तपासता येतो, आणि नोकरी लावायचे पैसे जहाजावर जाणाऱ्याकडून घ्यायला लायसन्सवाल्या कंपनीला परवानगीच नाही.

संध्याकाळी मित्राला भेटलो, तो मुंबई हायला, समुद्रातल्या तेलविहिरींवर, ऑफशोअरवर आहे. 28 दिवस काम, 28 दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टरने जातो. त्याचा पगार माझ्या निम्म्याहून कमी आणि भारतातच काम असल्यामुळे टॅक्स पूर्ण कापून येतो. पावसाळ्यात हेलिकॉप्टर रद्द झालं की दोन-चार दिवस लटकतो. पण घरात काही झालं तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पोचू शकतो. मी ते ऐकून बराच वेळ गप्प होतो.

कारण दोन वर्षांपूर्वी बाबांना अटॅक आला तेव्हा आम्ही पनामा सोडून चार दिवस झाले होते आणि कोरिया अजून 23 दिवस लांब. मधे सगळा पॅसिफिक. जहाज वळत नाही, आणि बंदरात पोचलं तरी बदली सेकंड इंजिनिअर येईपर्यंत उतरता येत नाही, कारण किती ऑफिसर असल्याशिवाय जहाज सुटणार नाही ते सेफ मॅनिंगच्या कागदावर लिहिलेलं असतं. बायकोने एकटीने ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली. मला तिने त्या फॉर्मचा फोटो पाठवला होता, "नाते" या रकान्यापुढे तिने "सून" लिहिलेलं, आणि मी तो फोटो इंजिन कंट्रोल रूममध्ये उभा राहून बघत होतो. बाबा वाचले. घरी मी 29 व्या दिवशी पोचलो.

म्हणून लग्न झालेल्यांना एक काम सांगतो, जायच्या आधी बायकोच्या नावाने पॉवर ऑफ अॅटर्नी करा, जॉइंट खातं ठेवा, मेडिक्लेमची फाईल तिला दाखवा, आणि कंपनीच्या क्रूइंग ऑफिसचा नंबर घरात लिहून लावा. जहाजावर इंटरनेट असतं पण भरवशाचं नसतं, ऑफिस मात्र कॅप्टनला कधीही निरोप देऊ शकतं.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी आणि बायको फोनवर बोललो. आत्ता सोडलं तर 95 हजार किंवा शिरोलीचे 60. क्लास वनला लागणारे क्लास टू नंतरचे 12 महिने माझे पूर्ण झालेत, म्हणजे याच सुट्टीत मुंबईत राहून लेखी आणि ओरल द्यायचं, तीन महिने तरी जातील, बिनपगारी आणि पुन्हा घराबाहेर. मग चीफ म्हणून दोन-तीन कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साधारण तीन वर्षं, आणि मग त्याच बेलापूरच्या टेबलासमोर परत. बायको म्हणाली, "तोवर ती सात वर्षांची होईल." मी म्हटलं हो. ती म्हणाली, "परीक्षेची तारीख घे आधी, पण शनिवार-रविवारी यायचं घरी, महालक्ष्मीचं रिझर्वेशन मी करते."

खलाशी म्हणून जाणाऱ्या पोरांचं याहून अवघड आहे, त्यांचं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं आणि किनाऱ्यावर त्यांच्या अनुभवाला जवळपास कुणी विचारत नाही, त्यामुळे फिटर किंवा वेल्डरचं आयटीआय आधी करून मगच जा. माझा चुलतभाऊ तसाच गेलाय, उतरला की गोकुळ शिरगावात दुसऱ्या आठवड्यात कामाला लागतो.

कोल्हापूरला सकाळी उतरलो तर बाबा स्कूटर घेऊन स्टेशनवर, डॉक्टरांनी चालवू नको म्हटलंय तरी. पुढे मुलगी उभी, हातात माझं हेल्मेट.