दोन्ही सोंगट्या जिंकणाऱ्या, तरी डाव हरलेला

गेली काही वर्षं मी आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अल्गोरिदम शिकवते. आंतरमहाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धांचे प्रश्न तपासायचं कामही माझ्याकडे असतं. अशाच एका स्पर्धेत निकाल लागायच्या आधी एका संघाने तक्रार नोंदवली: शेवटच्या प्रश्नाचं परीक्षकांचं उत्तरच चुकलंय. तक्रार खरी ठरली असती, तर त्या प्रश्नाच्या सगळ्या संघांच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या.

प्रश्न साधा दिसणारा होता. एक आलेख दिला आहे. त्याच्या बिंदूंमध्ये बाण आहेत, आणि बाणांच्या दिशेने कितीही चाललं तरी निघालेल्या बिंदूवर परत येता येत नाही. काही बिंदूंवर सोंगट्या ठेवल्या आहेत. दोन खेळाडू आळीपाळीने खेळतात. प्रत्येकाने कोणतीही एक सोंगटी उचलायची आणि एका बाणाने पुढे सरकवायची. एका बिंदूवर कितीही सोंगट्या बसू शकतात. ज्याला सरकवायला काहीच उरत नाही, तो हरतो. पहिला खेळाडू जिंकेल का, ते सांगायचं.

संघातली तिघं खोलीत आली. बरोबर त्यांनी एक छोटं उदाहरण लिहून आणलं होतं. डावीकडे बिंदू, उजवीकडे तिथून जिथे जाता येतं ते बिंदू:

```
1:
2: 1
3: 1 2
4: 2
5: 3 4
6: 2 3 4
```

"मॅडम, एक सोंगटी २ वर आणि एक ५ वर आहे. परीक्षकांचा प्रोग्राम म्हणतो, पहिला हरेल. पण २ जिंकणारा बिंदू आहे आणि ५ सुद्धा. दोन्हीकडे पहिल्याचीच बाजू वरचढ असताना तो हरेल कसा?"

एकेक बिंदू सुटा घेतला, तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. १ वरून चाल नाही, म्हणून तो हरणारा. २ वरून १ वर जाता येतं, म्हणून २ जिंकणारा. ३ सुद्धा तसाच. ४ वरून फक्त २ वर जाता येतं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती जिंकणारा बिंदू द्यावा लागतो, म्हणून ४ हरणारा. ५ वरून ४ गाठता येतो, म्हणून ५ जिंकणारा. हा तक्ता त्यांनी अचूक भरला होता. एक जरी सोंगटी जिंकणाऱ्या बिंदूवर असेल, तर पहिला जिंकतो, असं त्यांच्या प्रोग्रामने ठरवलं होतं.

मी पर्समधून दोन नाणी काढली, त्यांच्या कागदावरच २ आणि ५ वर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही पहिले खेळा. मी दुसरी."

त्यांनी २ वरचं नाणं १ वर नेलं. मी ५ वरचं ४ वर नेलं. आता त्यांना ४ वरून २ वर जाण्याशिवाय मार्ग नव्हता, मी २ वरून १ वर गेले आणि डाव संपला. दुसऱ्या वेळी त्यांनी ५ वरचं नाणं ४ वर नेलं. मी २ वरचं १ वर आणलं आणि पुन्हा तीच स्थिती उभी राहिली. उरली एकच सुरुवात: ५ वरून ३ वर. मी ३ वरून २ वर गेले. दोन्ही नाणी २ वर आली. त्यांनी एक १ वर नेलं, मी दुसरं नेलं. तिन्ही सुरुवाती संपल्या आणि तिन्ही वेळा दुसरा खेळाडू जिंकला. अशा मोजक्या चालींच्या डावात युक्तिवाद करत बसण्यापेक्षा सगळ्या चाली खेळून पाहणं मला नेहमी जास्त खात्रीचं वाटतं. प्रश्न तपासतानाही मी तेच केलं होतं: छोट्या आलेखांवर सोंगट्यांच्या प्रत्येक मांडणीचा निकाल थेट चाली मोजून काढायचा आणि तो मुख्य प्रोग्रामच्या उत्तराशी ताडून पाहायचा.

तक्रार तिथेच मिटली होती. पण मुलं उठेनात, आणि मलाही त्यांना तसंच पाठवायचं नव्हतं.

त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "मग जिंकणाऱ्या बिंदूंवरच्या सोंगट्या मोजू. सम असतील तर पहिला हरतो, विषम असतील तर जिंकतो." २ आणि ५ साठी हे जुळतं. मी नाणी २ आणि ३ वर ठेवली. हेही दोन्ही जिंकणारे बिंदू, म्हणजे तिच्या नियमाने पहिला हरायला हवा. या वेळी पहिली चाल मी घेतली, ३ वरचं नाणं २ वर नेलं, आणि दोन्ही नाणी २ वर आल्यावर पुढचं त्यांना आधीच दिसलं होतं. म्हणजे ३ आणि ५ दोन्ही जिंकणारे असले, तरी २ च्या जोडीला ते सारखे वागत नाहीत. जिंकणारा की हरणारा, एवढ्या माहितीतून हा फरक पकडताच येत नाही.

मग संघातल्या दुसऱ्याने सुचवलं, प्रत्येक बिंदूपासून सर्वात लांब वाट किती चालींची आहे तो आकडा घेऊ. कल्पना वाईट नव्हती, कारण आकडा हवा हे त्याने ओळखलं होतं. पण ४ पासूनची वाट दोन चालींची आहे, आणि ४ तर हरणारा बिंदू. वाटेची लांबी कोणते पर्याय हाताशी आहेत ते सांगत नाही.

इथे मी त्यांना मेक्स सांगितला. एखाद्या बिंदूवरून जिथे जिथे जाता येतं, त्या बिंदूंचे आकडे गोळा करायचे आणि ० पासून मोजत जायचं. त्यात नसलेली पहिली संख्या म्हणजे या बिंदूचा आकडा. १ वरून कुठेच जाता येत नाही, म्हणून त्याचा ०. २ ला ० दिसतो, म्हणून १. ३ ला ० आणि १ दिसतात, म्हणून २. ४ ला फक्त १ दिसतो, ० दिसतच नाही, म्हणून ०. ५ ला २ आणि ० दिसतात, मधला १ गायब आहे, म्हणून १. ६ ला १, २, ० सगळे दिसतात, म्हणून ३.

या व्याख्येतून दोन गोष्टी मिळतात. आकडा k असलेल्या बिंदूवरून k पेक्षा लहान प्रत्येक आकड्यावर जाता येतं, आणि k आकडा असलेल्या दुसऱ्या बिंदूवर कधीच जाता येत नाही. म्हणजे ती सोंगटी k काड्यांच्या ढिगासारखी वागते. ढिगातून हव्या तेवढ्या काड्या उचलायच्या, या निम नावाच्या खेळाचं पूर्ण उत्तर बूटन यांनी १९०१ मध्ये दिलं होतं: सगळ्या ढिगांच्या आकड्यांचा एक्सॉर घ्यायचा, म्हणजे आकडे द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहून ज्या रकान्यात एक विषम वेळा येतो तिथे १ आणि बाकी रकान्यांत ० मांडायचा; तो ० आला तर पहिला हरतो. इतर खेळही निमवर असेच आणून ठेवता येतात, हे स्प्राग यांनी १९३५ मध्ये आणि ग्रंडी यांनी १९३९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं.

पण त्या मुलीने लगेच बोट ठेवलं. "मॅडम, ५ चा आकडा १ आहे आणि तिथून ३ वर जाता येतं, त्याचा आकडा २. ढिगात काड्या वाढल्या. निममध्ये असं होत नाही."

अचूक शंका. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट हीच आहे, आणि पाठ्यक्रमात ती एका ओळीत उरकली जाते. आकडा १ वरून २ वर गेला, तर नव्या बिंदूचा मेक्स २ आहे, म्हणजे तिथून १ आकड्याच्या एखाद्या बिंदूवर जाता येणारच, नाहीतर मेक्स २ आलाच नसता. वाढवलेल्या काड्या प्रतिस्पर्धी तत्काळ काढून टाकतो आणि एक्सॉर पुन्हा पहिल्यासारखा होतो. आमच्या तिसऱ्या डावात नेमकं हेच घडलं होतं: त्यांनी ५ वरून ३ वर नेलं आणि मी ३ वरून २ वर. आलेखात फेरा नसल्यामुळे अशी वाढ कायम करत राहता येत नाही, चाली कधीतरी संपतातच. फेरा असता, तर हा आधारच निसटला असता. शिवाय आकडे भरायला सुरुवात कुठून करायची हेही ठरलं नसतं.

मग मी तीन नाणी २, ३ आणि ६ वर ठेवली. आकडे १, २, ३. द्विमान पद्धतीत ०१, १०, ११, प्रत्येक रकान्यात एक दोनदा येतो, म्हणून एक्सॉर ०. तीन जिंकणारे बिंदू आणि पहिला हरणारा. या वेळी त्यांनी मला पहिली चाल दिली आणि हरवलं.

प्रोग्राम त्यांनी माझ्यासमोरच बदलला. मेक्सचा भाग एवढाच:

```python
def mex(vals):
    s = set(vals)
    m = 0
    while m in s:
        m += 1
    return m
```

पहिल्या प्रयत्नात तो मोठ्या चाचणीवर कोसळला, कारण १,००,००० बिंदूंच्या एका सरळ साखळीवर त्यांचं फंक्शन स्वतःलाच बोलावत खोल उतरत गेलं. आधी बिंदूंचा क्रम लावून शेवटाकडून आकडे भरायला सांगितल्यावर तो चालला.

मग त्यांनी विचारलं, आकडे किती मोठे होऊ शकतात. आकडा k यायला ० ते k−१ असे सगळे आकडे असलेले बिंदू खाली लागतात, आणि ज्या बिंदूचा आकडा j त्यातून निदान j बाण निघावे लागतात. म्हणजे एकूण निदान k(k+1)/2 बाण. आमच्या चाचण्यांत जास्तीत जास्त १,००,००० बाण होते, तेव्हा आकडा ४४६ च्या वर जाऊच शकत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मोठ्या चाचणीत उत्तर फक्त हो किंवा नाही असतं आणि चूक लपून राहते. सर्वात मोठा आकडा छापून पाहावा. तो हजारात निघाला, तर मेक्सऐवजी सर्वात मोठ्या आकड्यात एक मिळवला गेलाय, असा संशय पहिल्यांदा घ्यावा.

जाताना त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला: एका बिंदूवर एकच सोंगटी बसू शकते असा नियम केला तर? मी नाणी १ आणि २ वर ठेवली. आपल्या प्रश्नात आकडे ० आणि १, एक्सॉर १, पहिला २ वरून १ वर जाऊन जिंकतो. नव्या नियमात १ अडलेला आहे, त्यामुळे पहिल्याला चालच नाही आणि तो हरतो. सोंगट्या एकमेकींची वाट अडवू लागल्या की प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र आकडा काढून भागत नाही, कारण एक्सॉर फक्त एकमेकांत न गुंतलेल्या खेळांसाठीच आहे. तिथे सोंगट्यांची संपूर्ण मांडणी हीच एक स्थिती मानून निकाल काढावा लागतो. आमच्या सहा बिंदूंवर दोन सोंगट्यांसाठी तो त्यांनी फळ्यावरच भरायला घेतला.