व्हिसाच्या फाइलमधलं विमान-आरक्षण : एजंटचे 1,800 रुपये, खालापूरचा चहा आणि मेलेला पीएनआर

इटलीबद्दल लिहायला बसलो होतो, पण इटली छान होती, तिथे काही अडलं नाही. अडलं ते जायच्या आधी, पुणे ते मुंबईच्या व्हिसा केंद्रापर्यंतच्या वाटेवर. म्हणून वृत्तांत त्या वाटेचाच.

इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या कागदपत्रांच्या यादीत परतीच्या प्रवासाचं आरक्षण मागतात. पैसे भरलेलं तिकीटच हवं असं नाही. आरक्षण चालतं, आणि व्हिसा हातात पडायच्या आत तिकीट काढू नका असं बऱ्याच वकिलाती स्वतःच सांगतात. आमच्या ओळखीतल्या एजंटने माणशी 900 घेऊन दोघांचं मुंबई ते मिलान आणि रोम ते मुंबई असं आरक्षण केलं. सोमवारी दुपारी पीडीएफ आली. रात्री विमान कंपनीच्या साइटवर सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव टाकलं, दोघांची नावं दिसली, चारही टप्पे ‘कन्फर्म्ड’. निवांत झोपलो.

बुधवारी साडेदहाची अपॉइंटमेंट. पहाटेच्या शिवनेरीने निघालो. खालापूरला बस थांबली, हातात कागदी कपातला चहा, बायको म्हणाली, “एकदा परत बघ ना.” बघितलं. आरक्षण सापडत नाही. आडनाव परत टाकलं, शून्याच्या जागी ‘ओ’ टाकून पाहिला. नाहीच. एजंटला फोन लावला. झोपेतल्या आवाजात उत्तर आलं, “अहो, टाइम लिमिट संपलं असेल. पीडीएफ आहे ना तुमच्याकडे? ती लावा, कोण बघतंय!”

इथे माझं डोकं फिरलं. आता कळतंय ते असं. एजंट त्याच्या बुकिंग सिस्टिममध्ये जागा धरून ठेवतो, पण तिकीट फाडत नाही. प्रत्येक भाड्याला तिकीट फाडायची मुदत असते, कधी 24 तास, कधी तीन दिवस, आणि प्रवास जवळ आला असेल तर काही तासच. मुदत संपली की कंपनीची यंत्रणा आपोआप बुकिंग उडवते. शिवाय तिकीट न काढता पुन्हापुन्हा जागा अडवणाऱ्या एजन्सीला विमान कंपन्या दंड लावतात, त्यामुळे काही एजंट मुदतीची वाट न बघता आधीच रद्द करून मोकळे होतात. पीडीएफवर ही मुदत छापलेली असेलच असं नाही. आमच्या पीडीएफवर नव्हती, आणि मी विचारलीही नाही. ती चूक माझी.

तेव्हा एजंटकडून आरक्षण घ्यायचंच असेल, तर अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी घ्या आणि मुदतीची तारीख-वेळ लेखी मागा. पीएनआर विमान कंपनीचा मागा. एजंटच्या सिस्टिमचा कोड वेगळा असू शकतो, आणि तो कंपनीच्या साइटवर उघडत नाही. नावाला चिकटून MR किंवा MRS आलं तर घाबरू नका, तशीच पद्धत आहे. पण नुसत्या धरून ठेवलेल्या जागेच्या कागदावर 13 आकडी तिकीट नंबर दिसला, तर मात्र घाबरा. तो नंबर तिकीट फाडल्यावरच मिळतो. पैसे न भरता तो आला असेल तर कोणीतरी पीडीएफमध्ये हात घातलेला असू शकतो. कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल वाजवी शंका हे शेंगेन नियमांत व्हिसा नाकारायचं लेखी कारण आहे. नऊशे रुपयांसाठी हे ओढवून घेऊ नका.

बसमध्ये बसून दुसऱ्या एका कंपनीच्या साइटवर पैसे भरून भाडं धरून ठेवायची सोय सापडली, 72 तासांसाठी. दोघांचे मिळून साधारण 1,700 गेले. ते परत मिळत नाहीत, पण पीएनआर कंपनीचा स्वतःचा, मुदत पडद्यावर स्पष्ट, आणि मधे कोणी एजंट नाही. ही सोय प्रत्येक कंपनीकडे किंवा प्रत्येक मार्गावर नसते. भाडं निवडल्यावर पैसे भरायच्या पानावर दिसली तर आहे. मग केंद्राजवळच्या झेरॉक्सवाल्याने काळ्या-पांढऱ्या सहा पानांचे 240 घेतले. पानाला चाळीस! समोर रांग दिसतेय हे त्याला पक्कं ठाऊक. पेनड्राइव्ह खिशात ठेवा, पण प्रिंट शक्यतो घरूनच आणा.

फाइल घेतली गेली. खिडकीवरच्या मुलीने कागद आहे एवढंच पाहिलं. पीएनआर तपासणं तिचं काम नाही. आणि खरी गोम इथेच आहे. फाइल वकिलातीत जाते, निर्णयाची नेहमीची मुदत 15 दिवस, काही वेळा 45 पर्यंत. आपलं 72 तासांचं आरक्षण तोवर मेलेलं असतं. बऱ्याचदा यावर कोणी काही म्हणत नाही. आम्हाला म्हणाले. सातव्या दिवशी मेल : आरक्षण सिस्टिममध्ये दिसत नाही, चालू स्थितीतलं पाठवा.

तेव्हा मी शहाण्यासारखं वागलो, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. रिफंडेबल तिकीट काढलं, थेट कंपनीच्या साइटवरून. दोघांचे 1,42,000. त्याच विमानाचं परत न मिळणारं तिकीट 96,000 ला होतं, म्हणजे पोटात गोळा आलाच. पण भाड्याच्या नियमांत ‘रद्द करणे, प्रस्थानापूर्वी’ ही ओळ वाचली : माणशी 3,500 कापून बाकी परत, मूळ कार्डावर. त्यातले ‘मूळ कार्डावर’ हे शब्द शोधा. काही ठिकाणी परतावा म्हणजे व्हाउचर किंवा वॉलेट असतं. बुकिंग पोर्टलवरून काढलंत तर ते स्वतःचा रद्दीकरण आकार वेगळा लावतात आणि कन्व्हिनियन्स फी परत देत नाहीत.

सतराव्या दिवशी पासपोर्ट आले. ते हातात पडल्यावरच तिकीट रद्द केलं, आधी नाही. आठ दिवसांनी 1,35,000 कार्डावर जमा. दरम्यान कार्डाचं बिल भरायची तारीख येऊन गेली, तेवढे पैसे खात्यात असायला हवेत. साधं तिकीट तोवर 96 वरून 1,03,000 वर गेलं होतं, तेच काढलं.

नवं तिकीट काढताना आणखी एक गोष्ट सांभाळा. आमच्या व्हिसावर मुक्कामाचे दिवस फाइलमधल्या तारखांना धरूनच मिळाले होते, आणि उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही मोजले जातात. स्वस्त विमान एक दिवस उशिराचं दिसलं होतं, मोह झाला, स्टिकरवरचा आकडा बघून सोडून दिला.

हिशेब मांडतो : रिफंडेबल तिकिटाला खर्च 7,000, तोही दोघांचा. एजंट आणि 72 तासांची सोय मिळून 3,500 वाया. कार्डावर तेवढी मर्यादा असेल तर थेट रिफंडेबल काढा, दुसरं काही करू नका. नसेल तर कंपनीची पैसे देऊन जागा धरायची सोय अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी घ्या आणि वकिलातीच्या मेलवर डोळा ठेवा. आमचा मेल स्पॅममध्ये पडला होता. एजंटचा नंबर मी अजून डिलीट केलेला नाही, माझे 1,800 परत मागतोय. तो म्हणतो, सर्व्हिस तर दिली ना.