दोष कानात की मेंदूत? आमच्या म्हाताऱ्या राणीची तपासणी

आमची राणी १३ वर्षांची गावठी कुत्री, अठरा किलोची. रात्री व्यवस्थित भाकरी-दूध खाल्लं आणि पहाटे जिन्याखाली धडपडण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर मान डावीकडे कललेली, उठायला गेली की डावीकडेच कोसळत होती. लाळ गळत होती, एकदा उलटीही झाली. दोन्ही डोळ्यांची बुबुळं थरथरल्यासारखी एका बाजूला झटके देत होती. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या अंगावरनं वारं गेलं गं." शेजारचे काका पुढचं बोलले, "वय झालंय, आता सुई देऊन मोकळं करा तिला."

हे वाक्य साताऱ्यात काय, कुठेही ऐकायला मिळतं. म्हणूनच पुढे काय झालं ते सविस्तर लिहितेय.

गोडोलीतल्या आमच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आणण्याआधी डोळ्यांचा व्हिडिओ काढा, स्लो मोशनमध्ये. इथे येईपर्यंत कमी झालं तर मला दिसणार नाही." मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मुलाने टॉर्च तिरपा धरून व्हिडिओ काढला. नुसत्या डोळ्यांनी जे थरथरणं वाटत होतं, ते व्हिडिओत वेगळंच दिसलं. बुबुळं हळूहळू डावीकडे सरकत होती आणि मग झटक्यात उजवीकडे येत होती. पुन्हा डावीकडे सावकाश, उजवीकडे झटका. वर-खाली अजिबात नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तो व्हिडिओ आधी बघितला. म्हणाले, "आतल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणजे बैलजोडी समजा. डावा बैल बसला की गाडी डावीकडे ओढली जाते. मान डावीकडे, पडणं डावीकडे, बुबुळंही डावीकडे सरकतात. मेंदू त्यांना झटक्यात परत उजवीकडे आणतो. म्हणजे झटका नेहमी दोषाच्या उलट बाजूला." राणीच्या बाबतीत सगळ्या खुणा डाव्या कानाकडेच बोट दाखवत होत्या. पण बिघाड कानात किंवा कानापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेत आहे, की थेट मेंदूत, हे एवढ्यावरून ठरत नाही. पहिल्याला ते पेरिफेरल म्हणतात, दुसऱ्याला सेंट्रल.

मग त्यांनी तिला हळूच पाठीवर उताणं केलं आणि पुन्हा डोळे बघितले. झटक्याची दिशा बदलली किंवा बुबुळं वर-खाली उडायला लागली, तर संशय मेंदूवर जातो. राणीचा झटका तसाच उजवीकडे राहिला.

पुढची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि इथेच घोटाळा होण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टरांनी तिला स्टीलच्या टेबलावरून उतरवून जमिनीवर रबरी चटईवर घेतलं. मी पोटाखाली हात घालून सगळं वजन तोललं. त्यांनी एकेक पंजा उलटा करून, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला लागेल असा ठेवला. मेंदू आणि मज्जारज्जू ठीक असतील तर कुत्रा तो पंजा लगेच सरळ करतो. तोल गेलेल्या कुत्र्याला आधार न देता हे केलं तर तो नुसता पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पायातली जाणच गेली.

पुढचे दोन्ही पंजे तिने पटकन वळवले. मागचे दोन्ही मात्र जरा उशिरा. माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही सारखेच मंद आहेत ना? ही म्हातारपणाची कंबर असू शकते. एकाच बाजूचे पुढचा आणि मागचा, दोन्ही पंजे उलटेच राहिले असते तर मी मेंदूचं नाव घेतलं असतं." आणखी एक गोष्ट सांगितली. कधीकधी मान डावीकडे कलते आणि कमजोर पंजे मात्र उजवीकडचे निघतात. अशा वेळी दोष पंजांच्या बाजूला, लहान मेंदूच्या आसपास धरायचा.

मग हाक मारली तर ती कान टवकारते का, पापणी मिटते का, ओठ लोंबलाय का, एक बाहुली दुसरीपेक्षा बारीक आहे का, हे सगळं पाहिलं. शुद्ध चांगली होती, नुसती घाबरलेली. ओठ लोंबणं किंवा बाहुली बारीक होणं आतल्या कानाच्या दुखण्यातही होऊ शकतं, म्हणून ते एकटं निर्णायक नाही. पण गुंगी आली किंवा गिळता येईना, तर मात्र प्रकरण मेंदूचं.

कानात ऑटोस्कोप घातला. पडदा शाबूत, पू नाही, वास नाही. "कानात काही थेंब घातलेत का? जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू होतं का?" असं त्यांनी विचारलं. काही थेंब पडदा फाटलेल्या कानात गेले तर आतला कान बिघडवतात, आणि मेट्रोनिडाझोल जास्त मात्रेत गेलं तर मेंदूकडूनच तोल जातो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

निदान निघालं ते म्हाताऱ्या कुत्र्यांचा व्हेस्टिब्युलर सिंड्रोम, ज्याचं कारण सापडत नाही. पण डॉक्टरांनी तेही ठाम धरलं नाही. मेंदूची खूण सापडली तर मेंदूच धरायचा; सापडली नाही म्हणून मेंदू सुटला असं नाही, कारण मेंदूला बसलेला छोटा झटका किंवा तिथली सुरुवातीची गाठ कानाच्या दुखण्यासारखीच दिसू शकते. म्हणून ७२ तासांची मुदत. तेवढ्यात सुधारणा दिसायला लागली पाहिजे. नाही दिसली, किंवा पंजा उलटा राहायला लागला, तर आधी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायचं आणि मग पुण्याला एमआरआय. त्याला पूर्ण भूल लागते, म्हणून पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या जिवाला तिकडे नेण्याची घाई नको, असं त्यांचं मत. मला ते पटलं.

उपचार थोडेच. मळमळीसाठी मॅरोपिटंटचं इंजेक्शन, किलोला १ मिलिग्रॅम या हिशेबाने दिवसातून एकदा, आणि कातडीखाली सलाइन. माझ्या दिरांनी स्टेरॉइडचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याने हा प्रकार लवकर बरा होतो असा पुरावा नाही, आणि आत जंतुसंसर्ग लपलेला असेल तर उलट महागात पडेल.

घरी आम्ही फरशीवर गोधड्या अंथरल्या आणि जिन्याला फळी लावली. रात्री बारीक दिवा चालू ठेवला, कारण अंधारात तिला डोळ्यांचाही आधार राहत नव्हता. पाणी तोंडाजवळ वाटीत धरायचं, भात-चिकन बोटांनी भरवायचं. लघवीला नेताना पोटाखालून जुनी ओढणी घालून उचलायचं. उचलून गरकन वळलं की ती पुन्हा ओकायची, म्हणून सावकाश.

मुदत संपायच्या आतच डोळ्यांचे झटके बंद झाले. डॉक्टरांनी पंजे पुन्हा तपासले. मागचे तसेच मंद, पुढचे चपळ. चालायला भिंतीचा आधार बरेच दिवस लागला. मान अजून थोडी डावीकडे आहे आणि तशीच राहू शकते. नंतर थायरॉइडची टी-फोर तपासणी केली, कारण थायरॉइड कमी पडलं तरी असा तोल जाऊ शकतो. ती ठीक आली.

हा प्रकार पुन्हा होऊ शकतो, त्याच बाजूला किंवा दुसऱ्या. त्यामुळे मुलाने पहिला व्हिडिओ आणि डॉक्टरांनी पंजे तपासल्याचा व्हिडिओ, दोन्ही फोनमध्ये जपून ठेवलेत. पुढच्या वेळी मागचे पाय मंद दिसले तर ते आधीपासूनचेच, हे कोणत्याही नव्या डॉक्टरांना दाखवता येईल.