दोन हजार तीनशे पाच रुपयांचा फरक

देवगड तालुक्यातल्या एका आंबा व्यापाऱ्याच्या पेढीवर मी हिशेब बघते. हंगाम म्हणजे एप्रिल-मे. पेट्या वाशीला, पुण्याला, कोल्हापूरला जातात आणि त्या दोन महिन्यांत बँकेच्या खात्यावर बाकीच्या वर्षभरापेक्षा जास्त उलाढाल होते. मे २०२५ संपला तेव्हा आमच्या रोख पुस्तकाच्या बँक रकान्यात १,४६,२८० रुपये शिल्लक होती. पासबुक भरून आणलं, त्यात १,४८,५८५. फरक २,३०५ रुपयांचा, तोही आमच्या बाजूने.

अण्णा, म्हणजे पेढीचे मालक, हसले. "बँकेत जास्तच आसत मा? मगे किरकोळात टाक नि मोकळी हो."

टाकलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ज्या महिन्यात लाखांची ये-जा झाली, त्या महिन्याचा फरक इतका लहान असला की मला उलट जास्त शंका येते. मोठ्या रकमा एकमेकींना खाऊन टाकतात आणि वर उरतो तो चिल्लर आकडा. म्हणून बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आमचं पुस्तक आणि पासबुक यांतला फरक कशामुळे पडला ते दाखवणारा कागद, करायला बसले.

आधी मागच्या महिन्याचं पत्रक काढलं. एप्रिलमध्ये दिलेले पण तेव्हा न वटलेले चेक मेच्या पासबुकात दिसतात, मेच्या रोख पुस्तकात नसतात. ते आधीच बाजूला काढले नाहीत तर माणूस तासभर नसलेली चूक शोधत बसतो. मग अण्णांचा पुतण्या पासबुक वाचू लागला आणि मी पेन्सिलीने खुणा करू लागले. आमच्या पुस्तकात नावेकडे असेल ते पासबुकात जमेकडे बघायचं, कारण आमचे पैसे हे बँकेचं आम्हाला देणं आहे. ती तिच्या बाजूने लिहिते, आम्ही आमच्या. खूण दोन्हीकडे करायची. शेवटी ज्या नोंदींवर खूण नाही, त्यांच्यातच फरकाचं उत्तर असतं.

आमच्या पुस्तकात बिनखुणेचे तीन चेक उरले. खोकेवाल्याला दिलेला २८,५०० चा आणि टेम्पोवाल्याला दिलेला १४,००० चा. चेक लिहिला त्याच दिवशी आम्ही रक्कम वजा केली, पण त्यांनी तो बँकेत टाकेपर्यंत बँकेला त्याचा पत्ताच नसतो. तिसरा वाशीच्या दलालाकडून आलेला ३५,००० चा. तो ३१ मेला, शनिवारी दुपारी, शाखेच्या पेटीत टाकला होता. आमच्याकडे जमेची नोंद ३१ तारखेची, बँकेत पैसे आले सोमवारी, २ जूनला. या तिन्हींत चूक कुणाचीच नाही, फक्त वेळेचं अंतर आहे.

पासबुकात उरलेल्या नोंदींचं मात्र तसं नव्हतं. १८,००० रुपये एनईएफटीने जमा होते. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने पेट्यांचे पैसे परस्पर भरले होते आणि कळवलं नव्हतं. नोंदीतलं नाव बघून फोन केला, तेव्हा उलगडा झाला. आणि १६ मेच्या ओळीत २२,००० नावे, त्याच्याखाली २९५ नावे. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा चेक. १४ तारखेला आम्ही भरला, पुस्तकात घेतला, आणि तो पुरेशी शिल्लक नसल्याने परत गेला होता. २९५ म्हणजे बँकेचे २५० रुपये आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५. परतीचा कागद शाखेतच पडून होता, तो ३ जूनला हातात आला.

अण्णांचा चेहरा इथे उतरला. त्यांच्या लेखी तो व्यापारी पैसे देऊन मोकळा झाला होता आणि त्याला आणखी माल पाठवायचं चाललं होतं. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तरच निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली कोर्टात जाता येतं. मुदत आमच्या हातात होती, पण हा फरक किरकोळ खर्चात बुजवला असता तर ती कधी संपली हेही कळलं नसतं. नोटीस त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने गेली.

एवढं करूनही आकडा जुळेना. ९०० रुपये राहत होते. उरलेल्या फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर मी आधी उलटे पडलेले अंक शोधते, कारण शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. पुतण्या चेकचा नंबर तेवढा वाचत होता, रक्कम नाही. पुन्हा दोन्ही वाचायला लावलं. पेट्यांत घालायच्या पेंढ्याचा चेक होता ७,६५० चा, बँकेने तेवढेच दिले होते. आमच्या पुस्तकात, जुन्या मुनीमकाकांच्या अक्षरात, ६,७५०. नंबर जुळला म्हणून खूण झाली होती.

मग पत्रक मांडलं:

रोख पुस्तकाप्रमाणे शिल्लक: १,४६,२८०
अधिक: दिलेले पण न वटलेले चेक: ४२,५००
अधिक: गिऱ्हाइकाने परस्पर भरलेले: १८,०००
वजा: भरलेला पण जमा न झालेला चेक: ३५,०००
वजा: परत गेलेला चेक: २२,०००
वजा: बँकेचा आकार: २९५
वजा: पेंढ्याच्या चेकची कमी लिहिलेली रक्कम: ९००
पासबुकाप्रमाणे शिल्लक: १,४८,५८५

पुष्कळ ठिकाणी काम इथेच थांबतं, आणि ते मला पटत नाही. पत्रक म्हणजे नोंद नव्हे, त्याने पुस्तक आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणून पुस्तकात घ्यायच्या चार गोष्टी घेतल्या: १८,००० जमा, आणि २२,०००, २९५, ९०० वजा. कोल्हापूरवाल्याच्या खात्यावर २२,००० पुन्हा येणे दाखवले. पुस्तकाची खरी शिल्लक झाली १,४१,०८५. तिच्यात ४२,५०० मिळवले, ३५,००० वजा केले की पासबुक बरोबर येतं. पत्रकात आता फक्त वेळेचा फरक राहिला, आणि तो पुढच्या महिन्यात आपसूक मिटायला हवा.

अण्णांनी विचारलं, "म्हणजे आता हिशेब पक्को?" बँकेपुरता, असं मी सांगितलं. खोकेवाल्याचा चेक चुकून टेम्पोवाल्याच्या खात्यावर लिहिला असता तरी रक्कम तीच राहते आणि पत्रक जुळतंच. ते बघायला दोघांची खाती त्यांच्या बिलांशी ताडून पाहावी लागतात. ते काम मी पावसात करते, हंगाम आटोपल्यावर.

जूनमध्ये वाशीचा चेक आणि खोकेवाल्याचा चेक दोन्ही पासबुकात आले. टेम्पोवाल्याचे १४,००० मात्र तसेच. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, आणि याच्यावर २६ मे होती. ऑगस्ट गेला असता तर मला ती नोंद उलटवून रक्कम पुन्हा त्याच्या देण्यात घ्यावी लागली असती. जुलैत फोन केला. चेक टेम्पोत कागदांच्या पिशवीत होता, गाडी नांदगावजवळ गॅरेजला लागलेली. आठवड्याभरात त्याने तो भरला आणि जुलैच्या पासबुकात त्यावर खूण झाली.